अर्जाची भाषा – लेखांक ७ : २८,४०० रुपयांचे पत्र

जून संपता संपता धर्मादाय ट्रस्टांच्या कार्यालयांत विद्यार्थ्यांची पत्रे यायला लागतात. निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू असतात आणि कॉलेजने फीचा पहिला हप्ता मागितलेला असतो. एका छोट्या ट्रस्टच्या छाननी समितीवर मी बसतो, त्यामुळे दरवर्षी हे गठ्ठे माझ्या हाताखालून जातात. बहुतेक पत्रांचा मजकूर सारखाच असतो. घरची परिस्थिती हलाखीची आहे, वडील काबाडकष्ट करतात, मला शिक्षणाची फार आवड आहे, तरी कृपा करून मदत करावी ही नम्र विनंती. यातले एकही वाक्य खोटे नसते. पण पत्र वाचून खाली ठेवले, की समितीपुढचा प्रश्न जागच्या जागी असतो : किती रुपये द्यायचे, कशापोटी द्यायचे, आणि तेवढे दिल्यावर या मुलाचे वर्ष पार पडणार का?

गेल्या आठवड्यात आपण कॉलेजकडे फीचे हप्ते मागणारा अर्ज पाहिला. आज त्याच्या पुढची पायरी, म्हणजे फीचा काही भाग ट्रस्टकडे मागणारे पत्र.

आधी पत्र जिथे जाते तिथले काम कसे चालते ते पाहू. महाराष्ट्रातला सार्वजनिक ट्रस्ट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली येतो. त्याचे हिशेब दरवर्षी तपासले जातात. पैसा कोणत्या कामावर खर्च करायचा हे विश्वस्तपत्रात लिहिलेले असते. कुठे फक्त एका जिल्ह्यातली मुले चालतात, कुठे फक्त वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची, कुठे फक्त मुली. या चौकटीबाहेरचा अर्ज कितीही गरजू मुलाचा असला तरी विश्वस्तांचे हात बांधलेले असतात. म्हणून पत्र लिहिण्याआधी कार्यालयात फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : माझा अभ्यासक्रम आणि माझा जिल्हा बसतो का, ट्रस्टचा छापील अर्ज आहे का, आणि विश्वस्तांची सभा कधी आहे. ऑगस्टच्या सभेत ठराव होणार असेल, तर सप्टेंबरात पोचलेले पत्र पुढच्या वर्षापर्यंत फायलीत पडून राहते.

दुसरी गोष्ट पैशाची. लहान ट्रस्टचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः ठेवींवरचे व्याज आणि काही देणग्या. ती रक्कम ठरलेली असते आणि मागणारे बरेच असतात. एका मुलाची पूर्ण फी भरायची, की तेवढ्यात चार मुलांची अडलेली रक्कम सोडवायची, असा हिशेब सभेत होतो आणि बहुधा दुसरी बाजू जिंकते. त्यामुळे ‘पूर्ण फी द्यावी’ या मागणीपेक्षा ‘एवढी रक्कम कमी पडते, बाकीची व्यवस्था अशी अशी झाली आहे’ हे पत्र अधिक वजनदार ठरते. विश्वस्तांना भीती असते ती पैसे देऊनही मूल मध्येच कॉलेज सोडेल याची. बाकीच्या रकमेची सोय कागदावर दिसली, की ती भीती बरीच कमी होते.

आता एक पत्र प्रत्यक्ष पाहू. विद्यार्थी मी रचलेला आहे, आकडेही नमुन्याचे आहेत, पण अशी घरे आणि असे हिशेब आमच्यासमोर नेहमी येतात.

दिनांक : २१ जुलै २०२५

प्रति,
मा. सचिव,
(ट्रस्टचे नाव व पत्ता)

विषय : यांत्रिकी अभियांत्रिकी, तृतीय वर्ष (२०२५-२६) – कॉलेज फीपैकी २८,४०० रुपयांची मदत मिळणेबाबत.

महोदय,

मी बार्शी तालुक्यातील (गाव) येथील रहिवासी असून सोलापूर येथील (कॉलेजचे नाव) येथे यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तृतीय वर्षात शिकत आहे. पदविकेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मला थेट द्वितीय वर्षात प्रवेश मिळाला होता.

यंदाची कॉलेजची फी ९२,४०० रुपये आहे. त्यात शिकवणी शुल्क ८४,००० आणि विकास शुल्क ८,४०० रुपये आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून गेल्या वर्षी शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम, ४२,००० रुपये, मंजूर झाली होती. यंदा नूतनीकरणाचा अर्ज मी करणार आहे. ती रक्कम वजा जाता ५०,४०० रुपये उरतात. त्यातील २२,००० रुपये आईवडील भरणार आहेत. राहिलेल्या २८,४०० रुपयांची सोय होत नाही, त्यासाठी हा अर्ज आहे.

खोली व खानावळ यांचे वर्षाचे ३६,००० आणि पुस्तके, परीक्षा शुल्क व प्रवास यांचे ६,००० रुपये वेगळे लागतात. त्यासाठी मी संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. दरमहा २,४०० प्रमाणे दहा महिन्यांचे २४,००० रुपये होतात. उरलेले १८,००० घरून येतात. या खर्चासाठी मी मदत मागत नाही.

घरी आम्ही चौघे आहोत. वडिलांची अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. सोयाबीन व तुरीतून खर्च वजा जाता सुमारे ४८,००० रुपये मिळतात. हंगामात वडील बार्शीच्या बाजार समितीत हमाली करतात, त्याचे सुमारे ६०,००० आणि आईच्या शिवणकामाचे २४,००० रुपये येतात. एकूण वार्षिक उत्पन्न १,३२,००० रुपये आहे. तहसीलदारांचा दाखला जोडला आहे. विकास सोसायटीचे ५५,००० रुपयांचे पीककर्ज फेडायचे आहे. धाकटी बहीण दहावीत आहे.

मला दहावीत ८४.६० टक्के व पदविकेत ७९.३१ टक्के गुण मिळाले. पदवीच्या तिसऱ्या सत्रात एसजीपीए ६.४२ व चौथ्या सत्रात ७.५६ आहे. तिसऱ्या सत्रात मी गणित-३ या विषयात अनुत्तीर्ण झालो होतो. चौथ्या सत्राबरोबर पुन्हा परीक्षा देऊन उत्तीर्ण झालो. आज एकही विषय बाकी नाही.

२०२७ च्या उन्हाळ्यात माझी पदवी पूर्ण होईल. पदविकेच्या काळात सहा आठवडे कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम शिकलो. त्याच विभागात पदवीधर शिकाऊ उमेदवारी किंवा नोकरी करण्याचा विचार आहे. बहीण त्या वेळी पदविकेला असेल, तिची फी मी भरायची असे घरी ठरले आहे.

याच रकमेसाठी मी आणखी एका ट्रस्टकडे अर्ज केला आहे. तेथून मदत मिळाल्यास लगेच कळवीन व तेवढी रक्कम या मागणीतून वजा करावी. मंजूर होणारी रक्कम कॉलेजच्या नावे धनादेशाने द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी)
(पालकांची सही)

पत्र एवढेच. कागदाच्या एका बाजूला सगळे मावत नसेल तर पाठीमागे जावे, पण तिसरे पान नको.

पहिली नजर विषयाच्या ओळीवर जाते, म्हणून रक्कम तिथेच हवी. ‘आर्थिक मदतीबाबत’ एवढाच विषय लिहिलेल्या पत्रात मागणी किती, हे शोधत शेवटपर्यंत जावे लागते आणि कित्येकदा ती तिथेही सापडत नाही. २८,४०० हा आकडा गोल नाही, हेही चांगले. ३०,००० लिहिले असते तर ते अंदाजाने मागितले असे वाटले असते. ८४,००० आणि ८,४०० मिळून ९२,४००, त्यातून ४२,००० गेले, मग २२,००० गेले, ही वजाबाकी समितीतला कोणीही पेन्सिलीने करून पाहू शकतो. आम्ही ती करतोच. बेरीज चुकलेली पत्रे आम्ही बाजूला ठेवतो आणि मुलांना फोन करतो. फोन लागला तर ठीक.

शाहू शिष्यवृत्तीचा उल्लेख अनेक मुले टाळतात. सरकारकडून पैसे मिळतात हे कळले तर ट्रस्ट देणार नाही, असे त्यांना वाटते. घडते उलटे. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला असेल, तर खुल्या गटातल्या मुलाला ही योजना लागू होऊ शकते, हे प्रत्येक ट्रस्टच्या कारकुनाला ठाऊक असते. पत्रात तिचे नाव दिसले नाही, तर एक तर मुलाने अर्जच केलेला नाही किंवा तो लपवतो आहे, अशा दोन शंका निघतात. दोन्ही महाग पडतात.

मुलींच्या पत्रात हा परिच्छेद वेगळा लिहावा लागतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास शिकवणी आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. त्यामुळे ‘फी भरायला पैसे नाहीत’ असे मोघम लिहिले, की समिती विचारते, फी तर माफ आहे ना? खरी अडचण विकास शुल्काची असते, वसतिगृहाची असते, किंवा प्रवेश संस्थास्तरावरच्या जागेवर झाल्यामुळे सवलतच मिळालेली नसते. जे असेल ते त्याच शब्दांत लिहावे. आणि ट्रस्ट फक्त शिकवणी शुल्क देणारा असेल, तर वसतिगृहासाठी तिथे अर्ज करून उपयोग नाही, हे आधीच्या फोनवरच कळते.

शिष्यवृत्ती मिळणार आहे पण यायला उशीर होतो आहे, ही निराळी अडचण आहे. मधल्या काळात कॉलेजने सगळी फी मागितली, तर मुलाला हवी असते तात्पुरती रक्कम. ती दान म्हणून मागू नये. काही ट्रस्ट परतफेडीच्या बोलीवर बिनव्याजी रक्कम देतात. शिक्षणासाठी परतफेडीची मदत ही आपल्याकडे जुनी रीत आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठी अशी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा जमशेटजी टाटांचा निधी १८९२ सालचा. आपल्याला कायमची कमतरता आहे की काही महिन्यांची अडचण आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःशी आधी ठरवावे आणि पत्रात तसे लिहावे.

उत्पन्नाच्या परिच्छेदात सर्वांत जास्त गफलती होतात. दाखल्यावर वार्षिक ३६,००० असते आणि पत्रात खानावळीचा खर्चही ३६,००० असतो. मग चौघांचे घर कशावर चालते? दाखला कमी रकमेचा असला की मदत जास्त मिळते, ही समजूत घट्ट बसलेली आहे. समितीच्या टेबलावर मात्र असा दाखला संशयाने पाहिला जातो. आमच्या पत्रातल्या मुलाने शेती, हमाली आणि शिवणकाम असे तीन आकडे वेगळे दिले आहेत, त्यांची बेरीज दाखल्याशी जुळते, आणि घरून येणारे ४०,००० रुपये, म्हणजे २२,००० फीचे आणि १८,००० खानावळीचे, त्या उत्पन्नातून ताणून का होईना निघू शकतात. शेतीचे उत्पन्न पावसावर हलते, तेव्हा ‘सुमारे’ हा शब्द चालतो. कर्जाची मात्र ठरलेली बाकी लिहावी आणि सोसायटीचा उतारा जोडावा. कागद नसलेले कर्ज, म्हणजे पाहुण्यांकडची उसनवारी, लिहू नये असे माझे मत आहे. ती खरी असली तरी तपासता येत नाही आणि तपासता न येणारे एक वाक्य बाकीच्या वाक्यांचे वजन कमी करते.

गुणांकडे वळू. इथे मुले दोन प्रकारे चुकतात. एक म्हणजे फक्त चांगले गुण सांगतात. दहावीचे ९० टक्के लिहायचे आणि पदवीच्या सत्रांबद्दल मौन. गुणपत्रिका सोबत जोडलेलीच असते, त्यामुळे मौन लगेच उघडे पडते. दुसरी चूक म्हणजे एसजीपीएचे आपल्या मनाने टक्के करणे. कोणी दहाने गुणतो, कोणी त्यातून काही वजा करतो. हे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असू शकते. गुणपत्रिकेवर जो आकडा छापला आहे तोच लिहावा, रूपांतर करायचेच असेल तर विद्यापीठाचे किंवा कॉलेजचे पत्र जोडावे.

गणित-३ मधल्या अपयशाचा उल्लेख पत्रात का ठेवला, असे कोणी विचारील. थेट द्वितीय वर्षाला येणाऱ्या पदविकेच्या मुलांना हा विषय हमखास जड जातो, अभियांत्रिकी शिकवणाऱ्या कोणालाही विचारा. बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष या मार्गाने आलेल्या मुलांनी आधीचे दोन पेपर सोडवलेले असतात, पदविकेच्या मुलांना एकदम तिसऱ्यावर उतरावे लागते. त्यात थेट प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, की वर्ग सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर ही मुले वर्गात येतात. आमच्या मुलाने यातले काहीच लिहिलेले नाही. नापास झालो, पुन्हा दिला, सुटला, बाकी काही राहिले नाही, एवढ्या चार गोष्टी सांगितल्या. मला हे आवडते. समितीत एखादा जुना प्राध्यापक असतोच, तो बाकीच्यांना कारण समजावतो. मुलाखतीला बोलावले आणि विचारले तर मुलानेही ते सांगावे. पत्रात कारणांचा परिच्छेद घातला असता, तर चढता आलेख, ६.४२ वरून ७.५६, त्याखाली झाकला गेला असता. विषय अजून बाकी असेल तर तेही लिहावे, आणि पुढची परीक्षा कोणत्या महिन्यात आहे ते लिहावे.

पुढच्या बेतांच्या जागी ‘देशाची सेवा करीन’, ‘गावाचे नाव उज्ज्वल करीन’ अशी वाक्ये येतात. मुले ती शाळेतल्या निबंधांतून उचलतात, त्यांचा दोष नाही. पण विश्वस्तांना समजून घ्यायचे असते की हा मुलगा पदवी पुरी करील का आणि त्यानंतर स्वतःच्या पायावर उभा राहील का. सहा आठवड्यांचे कारखान्यातले प्रशिक्षण, त्यातून आवडलेला देखभालीचा विभाग, एक वर्षाच्या पदवीधर शिकाऊ उमेदवारीचा पर्याय, बहिणीच्या फीची जबाबदारी, या चारही गोष्टी त्याच्या आजच्या आयुष्यातून निघालेल्या आहेत. बेत अजून ठरला नसेल, तर ‘अंतिम वर्षात ठरवीन, सध्या नोकरी आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षा असे दोन विचार आहेत’ असे लिहायला हरकत नाही. ट्रस्टकडून मिळालेले पैसे पुढे परत देईन, असे वचन कोणी मागितलेले नसताना देऊ नये.

दुसऱ्या ट्रस्टकडच्या अर्जाचा उल्लेख ही शेवटची अवघड जागा. शहरातल्या ट्रस्टांचे सचिव एकमेकांना ओळखतात आणि याद्या ताडून पाहतात. दोन ठिकाणी अर्ज करणे गैर नाही, एकाच २८,४०० रुपयांसाठी दोघांकडून पूर्ण पैसे घेणे गैर आहे. आधी सांगितले की वाट मोकळी राहते. समजा पहिल्या ट्रस्टने १५,००० मंजूर केले, तर मुलाने दुसऱ्याला कळवायचे की आता १३,४०० उरले आहेत. दुसरीकडून ८,४०० मिळाले तर ५,००० राहतात, आणि एवढ्या रकमेचे हप्ते कॉलेजकडे मागणे सोपे असते. त्याचा अर्ज गेल्या आठवड्यात पाहिलाच आहे.

धनादेश कॉलेजच्या नावे मागणे हा शहाणपणा आहे. ट्रस्टच्या लेखापरीक्षकाला पैसा शिक्षणावरच गेला याचा पुरावा लागतो आणि कॉलेजची पावती हा त्यातला सर्वांत सरळ पुरावा. फी आधीच उसनवारी करून भरली असेल तर ते पत्रात सांगून पावती जोडावी, पण कित्येक ट्रस्ट भरलेल्या फीची भरपाई करत नाहीत, हे धरून चालावे.

सोबत जोडायचे कागद म्हणजे चालू वर्षाचा बोनाफाइड दाखला, कॉलेजच्या शिक्क्याचे फीचे विवरण, सगळ्या गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती मंजुरीची प्रत आणि सोसायटीचा उतारा. मूळ प्रती पाठवू नयेत. पत्रातला प्रत्येक आकडा यांपैकी कोणत्या ना कोणत्या कागदावर सापडला पाहिजे, आणि पत्र पाकिटात घालण्याआधी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो शोधायला सांगावे. झेरॉक्सच्या दुकानातल्या पगाराला दाखला मिळत नाही. तिथे दुकानदाराच्या सहीची एक चिठ्ठी पुरते.

मदत मिळाल्यावर कॉलेजच्या पावतीची प्रत महिन्याच्या आत आणि सत्राचा निकाल लागताच गुणपत्रिकेची प्रत ट्रस्टला पाठवावी. अंतिम वर्षासाठी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो, मागच्या वर्षीची मंजुरी आपोआप पुढे चालत नाही.

पुढील आठवड्यात : बँकेकडे शैक्षणिक कर्जाचा अर्ज.